दुकान वेगळं, एफ अँड ओ वेगळं? कर खात्यासाठी दोन्ही एकाच वहीत!



भंडाऱ्याच्या बॅचमध्ये भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका भाऊंनी मला विचारलं, "सर, दुकानाची विक्री एक कोटीच्या आत आहे. मोबाईलवर थोडं एफ अँड ओ करतो, त्यात तर तोटाच झालाय. मग आमचे सीए ऑडिट करावं लागेल असं का म्हणतात?"

व्हिडिओमध्ये याचं उत्तर दोन वाक्यांत दिलं होतं. पण कमेंटमध्ये तुमसर, साकोली, पवनीकडूनही तोच प्रश्न परत परत आला. म्हणून आज आकडे मांडून नीट समजून घेऊ. वही-पेन घेऊन बसा.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा नफा-तोटा आयकर कायद्यात "सट्टा" धरला जात नाही. तो साध्या धंद्याचा नफा-तोटा असतो, अगदी तुमच्या दुकानासारखा. यात एक फायदा आहे आणि एक जबाबदारी आहे. फायदा असा की तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होतो. जबाबदारी अशी की त्याची उलाढाल दुकानाच्या विक्रीत मिळवली जाते. बरेच जण फायदा घेतात आणि जबाबदारी विसरतात. घोळ तिथेच होतो.

सट्टा का नाही?

आयकर कायदा १९६१ च्या कलम ४३(५) मध्ये सट्ट्याची व्याख्या आहे. मालाची किंवा शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी न घेता-देता फक्त फरकावर सौदा मिटवला, तर तो सट्टा. सकाळी शेअर घेतला आणि दुपारी विकला, म्हणजे इंट्राडे केलं, तर ते या व्याख्येत बसतं. तो सट्टाच.

आता तुम्ही म्हणाल, एफ अँड ओमध्येही फरकच मिटवतो की! बरोबर आहे. म्हणूनच २००५ च्या वित्त कायद्याने एक अपवाद घातला. मान्यताप्राप्त शेअर बाजारात केलेला डेरिव्हेटिव्हचा सौदा सट्टा मानायचा नाही. त्यानंतर २००६ मध्ये मुंबईच्या दोन्ही बाजारांना, म्हणजे बीएसई आणि एनएसईला, त्यासाठी अधिसूचित करण्यात आलं.

पण या अपवादाला अटी आहेत. सौदा नोंदणीकृत ब्रोकरमार्फत, संगणकाच्या पडद्यावर झालेला पाहिजे. त्याची वेळ छापलेली कॉन्ट्रॅक्ट नोट पाहिजे आणि तिच्यावर तुमचा क्लायंट क्रमांक आणि पॅन पाहिजे. म्हणून गावात कुणाच्या तरी वहीत, तोंडी भावावर चालणारा "डब्बा" यात बसत नाही. तो मुळात बेकायदेशीर आहे, आणि त्यातला तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करायचा विचारही करू नका. परदेशी ॲपवर चलनाचे सौदे करणाऱ्यांनाही हा अपवाद लागू नाही, कारण ते ॲप म्हणजे भारतातला मान्यताप्राप्त बाजार नव्हे.

तोटा कुठे वजा होतो, कुठे नाही?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या दहापैकी नऊहून जास्त व्यक्तींना तोटा झाला. म्हणजे बहुतेकांच्या हातात तोट्याचाच आकडा असतो. त्याचं काय करायचं हे माहीत पाहिजे.

एफ अँड ओचा तोटा त्याच वर्षी दुकानाच्या नफ्यातून वजा होतो. भाड्याचं उत्पन्न, बँकेचं व्याज यातूनही होतो. पगारातून मात्र होत नाही. नोकरी करत करत धंद्याची तयारी करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. पगार सहा लाख आणि एफ अँड ओचा तोटा दोन लाख असेल, तर कर सहा लाखांच्या हिशोबानेच लागेल.

वर्षभरात जिरला नाही तो तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो, पण पुढे फक्त धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. त्यासाठी रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं पाहिजे. "नफाच नाही तर रिटर्न कशाला" म्हणून जो थांबला, त्याने तो तोटा कायमचा गमावला.

इंट्राडेचा तोटा वेगळा ठेवा. तो फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत असतात. एकत्र करू नका.

उलाढाल मोजायची कशी?

ऑडिटचा प्रश्न नफ्यावर नाही, उलाढालीवर ठरतो. आणि एफ अँड ओची उलाढाल म्हणजे काय, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

दुकानात दहा हजारांची भांडी विकली तर उलाढाल दहा हजार. सोपं आहे. पण निफ्टीचा एक लॉट म्हणजे कागदावर लाखो रुपयांचा करार. तेवढी उलाढाल धरायची का? नाही. तेवढा माल तुम्ही घेतलाही नाही आणि विकलाही नाही. सीए लोकांची संस्था, म्हणजे आयसीएआय, हिच्या मार्गदर्शक टिपणानुसार प्रत्येक सौद्यात जो फरक पडला तो धरायचा. फरक नफ्याचा असो की तोट्याचा, वजाचं चिन्ह काढून बेरीज करायची.

७५ च्या लॉटचे तीन सौदे बघा.

- पहिला सौदा: १२० रुपयांना ऑप्शन घेतला, १६० ला विकला. ४० गुणिले ७५, नफा ३,००० रुपये.
- दुसरा सौदा: १४० ला घेतला, ८० ला विकावा लागला. ६० गुणिले ७५, तोटा ४,५०० रुपये.
- तिसरा सौदा: ९० ला ऑप्शन आधी विकला, ७० ला परत घेतला. २० गुणिले ७५, नफा १,५०० रुपये.

हातात काय उरलं? शून्य. ३,००० आणि १,५०० मिळाले, ४,५०० गेले. पण उलाढाल शून्य नाही. ती ३,००० अधिक ४,५०० अधिक १,५००, म्हणजे ९,००० रुपये. "मला काही सुटलंच नाही, मग उलाढाल कसली?" असं म्हणणाऱ्या भाऊंनी हे उदाहरण दोनदा वाचा.

आता एक सावधगिरी. जुन्या पद्धतीत ऑप्शन विकून मिळालेला प्रीमियमही यात मिळवायचे. आपल्या तीन सौद्यांत तो १२,०००, ६,००० आणि ६,७५०, म्हणजे २४,७५० होतो. त्या पद्धतीने उलाढाल ९,००० ऐवजी ३३,७५० निघाली असती, जवळजवळ चौपट! ऑगस्ट २०२२ च्या सुधारित टिपणात हे बदललं. प्रीमियम नफा-तोट्याच्या हिशोबात आधीच आलेला असेल, तर तो पुन्हा वेगळा धरायचा नाही. त्यामुळे यूट्यूबवर २०२२ च्या आधीचा व्हिडिओ बघून हिशोब करू नका. आणि ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये "टर्नओव्हर" असा तयार आकडा दिला असेल, तर तो कोणत्या पद्धतीने काढलाय ते तपासा. दहा-बारा सौदे स्वतः मोजून बघितले की लगेच कळतं.

मर्यादा एक कोटी की दहा कोटी?

कलम ४४एबी म्हणतं, धंद्याची एकूण उलाढाल वर्षात एक कोटीच्या वर गेली तर टॅक्स ऑडिट. पण रोखीचे व्यवहार कमी असणाऱ्यांना सवलत आहे. वर्षभरात आलेल्या एकूण रकमेत रोख पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, आणि दिलेल्या एकूण रकमेतही रोख पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर मर्यादा थेट दहा कोटी. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत, एक पाळून चालत नाही.

एफ अँड ओचे पैसे सगळे बँकेतून येतात-जातात. म्हणून जो माणूस फक्त एफ अँड ओ करतो, त्याची मर्यादा दहा कोटी. व्हिडिओत सगळे हेच सांगतात आणि ते खरं आहे.

पण तुम्ही दुकानदार आहात! तुमच्या गल्ल्यात रोज रोख येते. कायदा एफ अँड ओचा वेगळा आणि दुकानाचा वेगळा असा हिशोब करत नाही. माणूस एक, पॅन एक, तर सगळ्या धंद्यांची उलाढाल एकत्र. आणि पाच टक्क्यांची रोखीची चाचणीही सगळ्यांची मिळून. दुकानातल्या रोखीने ती चाचणी मोडली, की एफ अँड ओची दहा कोटींची सवलतही गेली. दोन्ही मिळून मर्यादा एक कोटी.

आता आपल्या दुकानदाराचा हिशोब

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, तेव्हा उदाहरणही भांड्यांच्या दुकानाचंच घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आर्थिक वर्ष २०२४-२५.

दुकानाची विक्री ८४ लाख. त्यातले ५० लाख रोख, ३४ लाख यूपीआय आणि बँकेतून. वह्या नीट ठेवल्यात आणि निव्वळ नफा ६,२०,००० आहे.

एफ अँड ओमध्ये नफ्याच्या सौद्यांची बेरीज ९,४०,००० आणि तोट्याच्या सौद्यांची १२,५०,०००. म्हणजे तोटा ३,१०,०००. शिवाय ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, मुद्रांक असा खर्च ६०,०००. एफ अँड ओ धंदा मानला जातो म्हणून हा खर्चही वजा होतो, एसटीटीसकट. एकूण तोटा ३,७०,०००.

उलाढाल किती? ९,४०,००० अधिक १२,५०,०००, म्हणजे २१,९०,०००. खर्च यात धरायचा नाही.

आता दोन्ही मिळवा. ८४ लाख अधिक २१.९० लाख, म्हणजे १ कोटी ५ लाख ९० हजार. एकटं दुकान कोटीच्या आत होतं. एफ अँड ओ तर कोटीच्या आसपासही नव्हतं. पण बेरीज कोटीच्या वर गेली. रोख पाच टक्क्यांच्या कितीतरी वर आहे, म्हणून दहा कोटींची सवलत नाही. ऑडिट लागणार. भाऊंचे सीए बरोबरच सांगत होते.

इथे दुकानदारासमोर दोन वाटा आहेत.

पहिली वाट, ऑडिट करायचं. दुकानाचा नफा ६,२०,००० वजा एफ अँड ओचा तोटा ३,७०,०००, उत्पन्न उरलं २,५०,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता. कर शून्य. खर्च फक्त सीएच्या फीचा. सीए फॉर्म ३सीबी आणि ३सीडीमध्ये अहवाल पोर्टलवर चढवतात आणि तुम्ही आपल्या लॉगिनमधून तो मान्य करता. रिटर्न आयटीआर-३ मध्ये.

दुसरी वाट, कलम ४४एडी. यात वह्यांचा नफा न दाखवता उलाढालीवर अंदाजे नफा दाखवायचा असतो. रोखीवर किमान ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर किमान ६ टक्के. उलाढाल दोन कोटींपर्यंत असेल तर ही सोय मिळते आणि ऑडिटमधून सुटका होते. आपल्या दुकानदाराने सगळी उलाढाल यात धरली, तर ५० लाखांवर ४ लाख, आणि ५५.९० लाखांवर ३,३५,४००. उत्पन्न ७,३५,४००. त्यावर नव्या करप्रणालीत त्या वर्षाचा कर सेससकट सुमारे साडेचोवीस हजार.

बघा काय झालं. ऑडिट वाचलं, पण प्रत्यक्षात झालेला ३,७०,००० चा तोटा हवेत विरला. अंदाजे नफा दाखवल्यावर तोटा वजाही होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. एफ अँड ओमध्ये पैसे गेले ते गेले, वर त्याच्याच उलाढालीवर ६ टक्के "नफा" दाखवून कर भरला. त्यामुळे सीएची फी आणि हा कर समोरासमोर ठेवूनच वाट निवडा.

काही जण तिसरी वाट सुचवतात. दुकान ४४एडीमध्ये दाखवायचं आणि एफ अँड ओचा तोटा वह्यांप्रमाणे वेगळा दाखवायचा. यावर करसल्लागारांमध्ये एकमत नाही. असं कुणी सुचवलं, तर कशाच्या आधारावर ते लेखी मागा आणि मगच सही करा.

मागच्या वर्षीचं रिटर्न काढून बघा

आणखी एक सापळा आहे. तो कोटीच्या खूप आत असणाऱ्यांनाही पकडतो.

समजा दुकानाची विक्री ६० लाखच आहे आणि एफ अँड ओ तेवढंच. एकूण ८१.९० लाख. कोटीचा प्रश्नच नाही. पण या दुकानदाराने मागच्या वर्षी आयटीआर-४ भरून ४४एडी घेतलं होतं. यंदा एफ अँड ओचा तोटा वजा करायचा म्हणून तो ४४एडीमधून बाहेर पडतो. दुकानाचा नफा ७,२०,००० धरा. तोटा वजा जाता उत्पन्न ३,५०,०००.

कायदा म्हणतो, ४४एडी घेतलं की पुढची पाच वर्षं त्यातच राहा. मध्येच कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर त्यानंतरची पाच वर्षं ४४एडी मिळणार नाही. आणि ज्या वर्षी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, त्या वर्षी वह्या ठेवून ऑडिट करावं लागेल, उलाढाल कितीही असो. इथे उत्पन्न साडेतीन लाख, मर्यादा तीन लाख. म्हणजे ८२ लाखांच्या उलाढालीवरही ऑडिट!

त्याचाच शेजारी, अगदी हेच आकडे, पण त्याने कधीच ४४एडी घेतलं नव्हतं. त्याला ऑडिट नाही. वह्या ठेवायच्या, आयटीआर-३ भरायचं, तोटा वजा करायचा, संपलं. फरक फक्त मागच्या रिटर्नचा. म्हणून सीएकडे जाताना मागच्या पाच वर्षांची रिटर्न सोबत घेऊन जा.

ऑडिट लागत असून केलं नाही तर?

त्या वर्षासाठी कलम २७१बी प्रमाणे उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातली कमी रक्कम दंड लागू शकतो. आपल्या पहिल्या दुकानदाराच्या बाबतीत १ कोटी ५.९० लाखांचा अर्धा टक्का, म्हणजे ५२,९५०. तोटा ३,७०,००० चा, आणि त्यावर हा वेगळा.

दंडाला योग्य कारण असेल तर सूट मिळू शकते. पण "मला वाटलं दोन्ही वेगळं असतं" या कारणावर विसंबू नका.

मग करायचं काय?

मार्चअखेरची वाट बघू नका. दर तीन महिन्यांनी ब्रोकरच्या ॲपमधून नफा-तोट्याचा रिपोर्ट उतरवा. दोन ब्रोकरकडे खाती असतील तर दोन्हीकडचा. नफ्याच्या सौद्यांची बेरीज, तोट्याच्या सौद्यांची बेरीज आणि खर्च, हे तीन आकडे दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. पहिले दोन मिळवले की उलाढाल. त्यात दुकानाची तोपर्यंतची विक्री मिळवा.

डिसेंबरअखेर ही बेरीज ७५-८० लाखांवर गेली असेल, तर उरलेल्या तीन महिन्यांत एफ अँड ओचे सौदे किती करायचे याचा निर्णय तुमच्या हातात असतो. दुकानाची विक्री थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण रोज दहा सौदे करून वीस-पंचवीस लाखांची उलाढाल वाढवणं थांबवता येतं. एप्रिलमध्ये कळलं तर काहीच करता येत नाही.

कॉन्ट्रॅक्ट नोटा ईमेलवर येतात, त्यांचा एक वेगळा फोल्डर करा. ब्रोकरचं लेजर आणि बँकेचं स्टेटमेंट त्यासोबत ठेवा. एफ अँड ओ हा धंदा मानायचा असेल तर त्याचीही वही असलीच पाहिजे.

एक शेवटचं. वरचे आकडे २०२४-२५ चे आणि कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. त्यामुळे ज्या वर्षाचं रिटर्न भरताय त्या वर्षाच्या मर्यादा आणि तारखा पोर्टलवर बघून घ्या.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या दुकानाची विक्री, त्यातली रोख, एफ अँड ओच्या नफ्याची आणि तोट्याची बेरीज, आणि मागच्या वर्षी कोणता आयटीआर भरला, या पाच गोष्टी एका कागदावर लिहा. तो कागद घेऊन सीएकडे जा. "मला ऑडिट लागेल का?" याचं उत्तर ते तिथल्या तिथे देऊ शकतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत.